कॅम्पसमधून नोकरी लागली नाही आणि हप्ता सुरू होतोय: मोरॅटोरियम कसा वाढवून मागायचा

शैक्षणिक कर्जाच्या मंजुरीपत्रात एक तारीख असते. शिकायला जाताना तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. प्रवेशाची घाई असते, फी भरायची असते, दाखवतील तिथे बाप-लेक सह्या करतात. मग चार वर्षं जातात, कॅम्पसमध्ये कंपन्या येऊन जातात, यादीत आपलं नाव लागत नाही. वर्षभर इकडेतिकडे अर्ज करण्यात सरतं आणि एक दिवस मोबाइलवर संदेश येतो की पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. तेव्हा कुठे त्या तारखेची आठवण होते.

मी बरीच वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काम केलं. हा संदेश आल्यावर शाखेत येणारी मुलं मला आठवतात. बहुतेक जण मान खाली घालून, माफी मागितल्यासारखं बोलायचे. मोरॅटोरियम वाढवून मागण्याची सोय योजनेतच लिहिलेली आहे, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असायचं. आणि ती मागायची योग्य वेळ हप्ता थकण्याच्या आधीची असते, हे तर त्याहून कमी जणांना.

मोरॅटोरियम म्हणजे हप्ता मागायचा नाही असा ठरवून दिलेला काळ. आपल्याकडच्या बहुतेक बँकांची शैक्षणिक कर्जं इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेवर बेतलेली असतात. त्या योजनेत शिक्षणाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष, इतका मोरॅटोरियम आहे. पुढचं वर्ष नोकरी शोधण्यासाठी दिलेलं असतं. त्यानंतर जास्तीत जास्त 15 वर्षांत कर्ज फेडायचं. 2015 साली या योजनेत सुधारणा झाली तेव्हा एक महत्त्वाची गोष्ट आली. कर्ज फिटेपर्यंतच्या काळात कर्जदार बेकार राहिला किंवा शिक्षणाच्या मानाने फारच कमी पगारावर काम करत असला, तर बँक त्याला दोन-तीन वेळा हप्त्यांपासून सवलत देऊ शकते, मात्र एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त नाही.

या तरतुदीत 'देऊ शकते' हे शब्द आहेत, 'दिलीच पाहिजे' असे नाहीत. आदर्श योजना हा बँकांसाठीचा आराखडा आहे, तो कायदा नव्हे. प्रत्येक बँक तो आपापल्या नियमांत बसवून घेते, म्हणून शेवटी चालतं ते तुमच्या मंजुरीपत्रात आणि करारात लिहिलेलं. बिगरबँक वित्त कंपनीकडून कर्ज घेतलं असेल तर हा आराखडा तिला लागूच होत नाही. तिथे मोरॅटोरियम अनेकदा सहा महिन्यांचाच असतो आणि शिकत असतानाही थोडं व्याज भरावं लागतं. अशा कर्जदाराने आधी करार काढून वाचावा. पुढचं सगळं मी बँकेच्या कर्जाबद्दल लिहितोय.

एक उदाहरण घेऊ. समजा, लातूरची एक मुलगी पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला होती. वडील एसटीत वाहक. ऑगस्ट 2021 पासून दरवर्षी दीड लाख, असं चार वर्षांत सहा लाखांचं कर्ज तिने उचललं. व्याजदर हिशोबाला सोपा पडावा म्हणून 10 टक्के धरू. अभ्यासक्रम 31 जुलै 2025 ला संपला आणि मोरॅटोरियम 31 जुलै 2026 ला संपणार. कॅम्पसमध्ये ती नऊ कंपन्यांसाठी बसली, दोन ठिकाणी शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोहोचली, पण निवड झाली नाही. जानेवारी 2026 पासून ती चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये महिना 12,000 रुपयांवर शिकाऊ म्हणून लागली आहे.

आता तिच्या कर्जाचं काय झालं ते बघू. मोरॅटोरियममध्ये हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. मात्र परतफेड सुरू होईपर्यंत व्याज सरळव्याजाने धरायचं, असं आदर्श योजनेत आहे. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज 75,000 झालं. दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचं 60,000, तिसरीवर 45,000 आणि चौथीवर 30,000. सगळं मिळून 2,10,000. परतफेड सुरू होताना हे व्याज मुद्दलात मिळवतात, म्हणजे 1 ऑगस्ट 2026 ला तिच्या डोक्यावर 8,10,000 रुपये असतील. 15 वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे 8,700 रुपये. पगार 12,000, त्यात खोलीचं भाडं आणि मेसचा खर्च. हप्ता भरणं शक्य नाही, हे कुणालाही दिसतं.

सहा महिने वाढवून मिळाले तर? सहा लाखांवर महिन्याला 5,000 रुपये सरळव्याज, म्हणजे सहा महिन्यांत 30,000. कर्ज 8,40,000 होईल आणि हप्ता 9,030 च्या आसपास जाईल. महिन्याला फरक 320 रुपयांचा. वाचायला किरकोळ वाटतो, पण तो 180 महिने भरायचा आहे. एकूण सुमारे 58,000 रुपये जास्त जातात. सहा महिन्यांच्या श्वासाची ही किंमत आहे. अडचण खरी असेल तर ती मोजण्यासारखी आहे, पण किती मोजतोय ते आधी ठाऊक असावं.

याच हिशोबात एक बारीक गोष्ट दडलेली आहे, ती कर्जदारांना सहसा कुणी सांगत नाही. 31 जुलै उलटला, व्याज मुद्दलात मिळवलं गेलं आणि त्यानंतर सवलत मिळाली, तर पुढचं व्याज सहा लाखांवर नाही, 8,10,000 वर लागतं. महिन्याला 5,000 ऐवजी 6,750. सहा महिन्यांत 40,500, आणि महिन्याच्या महिन्याला ते चक्रवाढ होत असेल तर आणखी थोडं जास्त. निव्वळ अर्ज उशिरा केला म्हणून साडेदहा हजारांहून जास्त भुर्दंड. म्हणून परतफेड सुरू व्हायच्या आधी मागितलेली पहिली मुदतवाढ सगळ्यात स्वस्त पडते. अर्ज मे महिन्यातच द्यावा, म्हणजे तारखेच्या दोन-तीन महिने आधी. शैक्षणिक कर्जाचे निर्णय बऱ्याच बँकांत शाखेत होत नाहीत. प्रकरण वरच्या कर्ज-प्रक्रिया केंद्राकडे जातं, तिथून शंका येतात, कागद परत येतात. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दिलेला अर्ज वेळेत पुढे सरकत नाही, आणि संगणक कुणासाठी थांबत नाही. ठरलेल्या तारखेला तो हप्ता मागायला लागतो.

अर्ज करायच्या आधी मंजुरीपत्र काढून अभ्यासक्रम संपण्याची तारीख नीट तपासा. कर्ज मंजूर करताना चार वर्षं मोजून जी तारीख टाकली, तीच खात्यात राहून गेलेली असते. पण एटीकेटीमुळे एक सत्र पुढे गेलं, किंवा परीक्षाच उशिरा झाली, तर शिक्षण प्रत्यक्षात नंतर संपलेलं असतं. अशा वेळी पहिली मागणी मोरॅटोरियम वाढवण्याची करू नये. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला नाही तर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत मुदत देता येते, अशी वेगळी तरतूद योजनेत आहे. कॉलेजचा दाखला जोडून शिक्षण संपल्याची तारीख दुरुस्त करून घ्या, पुढचं एक वर्ष तिथून मोजलं जाईल. बेकारीसाठीची ती दोन-तीन वेळांची सवलत पुढच्या आयुष्यासाठी शिल्लक राहील. 15 वर्षांचं कर्ज आहे. मध्ये कधी कंपनी बंद पडेल, कधी आजारपण येईल. सवलत जपून वापरायची असते.

आता अर्जात काय सांगायचं. बहुतेक मुलं टीपीओंचं पत्र आणतात, आणि ते हवंच. मुलाने नोंदणी कधी केली, तो किती कंपन्यांच्या फेऱ्यांना बसला आणि निवड झाली नाही, हे कॉलेजच्या प्लेसमेंट कक्षाने त्यात तीन-चार ओळींत लिहून शिक्का मारून द्यावं. निवड होऊनही कंपनीने रुजू होण्याची तारीख पुढे ढकलली असेल किंवा नेमणूकच मागे घेतली असेल, तर त्या मेलच्या प्रती जोडाव्यात. अशी प्रकरणं गेल्या काही वर्षांत आयटीतल्या मुलांची पुष्कळ झाली आणि पुराव्याच्या दृष्टीने ती सगळ्यात स्वच्छ असतात.

पण हे पत्र फक्त कॅम्पसच्या हंगामाबद्दल बोलतं. आपल्या उदाहरणातल्या मुलीचा कॅम्पस 2025 मध्येच संपला, आणि ती अर्ज करतेय मे 2026 मध्ये. प्रक्रिया केंद्रातला अधिकारी फाइल उघडून पहिला प्रश्न विचारणार तो मधल्या वर्षाचा. नोकरी शोधायला एक वर्ष योजनेनेच दिलं होतं, त्यात काय केलं? मी स्वतः हा प्रश्न विचारत असे आणि उत्तर फाइलमध्ये नसलं की प्रकरण परत पाठवावं लागायचं. तेव्हा कॅम्पसबाहेर कुठे कुठे अर्ज केले त्याची तारखांसह एक पानाची यादी करा. मुलाखतीला बोलावल्याच्या मेल असतील तर दोन-तीन जोडा. राज्य सरकारच्या rojgar.mahaswayam.gov.in या संकेतस्थळावर नोकरीसाठी नोंदणी करता येते, तिची प्रत जोडा. नोंदणी अर्जाच्या आदल्या दिवशीची असेल तर तिला वजन येत नाही, म्हणून निकाल लागल्यावर लगेच केलेली बरी.

आणि 12,000 ची नोकरी? इथे बहुतेक घरांत घोटाळा होतो. वडील म्हणतात, नोकरीचं सांगू नकोस, नाहीतर बँक म्हणेल भर हप्ता. हे करू नका. एक तर पगार बँक खात्यात जमा होत असतो, भविष्यनिर्वाह निधीची नोंद असते, लपत काही नाही. खोटं उघड झालं की पुढच्या प्रत्येक मागणीवर त्याचं सावट पडतं. आणि दुसरं म्हणजे लपवायची गरजच नाही. योजनेत बेकारीबरोबर अपुऱ्या रोजगाराचाही उल्लेख आहे. इंजिनिअर मुलगी 12,000 वर काम करतेय आणि हप्ता 8,700 चा आहे, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की तुमची बाजू भक्कम होते. घरी बसून नोकरी शोधणाऱ्या मुलापेक्षा मिळेल ते काम धरलेल्या मुलीचा अर्ज अधिकाऱ्याला जास्त पटतो. पगारपत्रक अभिमानाने जोडा.

अर्ज एका पानाचा असावा. घरची कहाणी थोडक्यात, आकडे आणि तारखा स्पष्ट, आणि मागणी एकच. मराठीत लिहिला तरी हरकत नाही. फक्त फाइल वाचणारा अधिकारी दुसऱ्या राज्यातला असू शकतो, म्हणून इंग्रजी प्रत सोबत ठेवली तर वेळ वाचतो. आपल्या उदाहरणातल्या मुलीने तो असा लिहावा:

> प्रति,
> शाखा व्यवस्थापक
>
> विषय: शैक्षणिक कर्ज खाते क्रमांक ……, मोरॅटोरियम सहा महिने वाढवून मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> मी वरील खात्याची कर्जदार असून माझे वडील सहकर्जदार आहेत. माझा बी. ई. मेकॅनिकलचा अभ्यासक्रम 31 जुलै 2025 रोजी पूर्ण झाला. मंजुरीपत्रानुसार मोरॅटोरियम 31 जुलै 2026 रोजी संपत आहे.
>
> कॅम्पसमध्ये मी नऊ कंपन्यांच्या निवडप्रक्रियेत भाग घेतला, परंतु निवड झाली नाही. प्लेसमेंट कक्षाचे पत्र जोडले आहे. त्यानंतर वर्षभरात केलेल्या अर्जांची यादी व मुलाखतपत्रे सोबत आहेत. जानेवारी 2026 पासून मी दरमहा 12,000 रुपयांवर शिकाऊ म्हणून काम करत आहे. या पगारातून अंदाजे 8,700 रुपयांचा हप्ता भरणे मला शक्य नाही.
>
> तरी बेकारी व अपुऱ्या रोजगाराच्या काळासाठी असलेल्या तरतुदीनुसार मोरॅटोरियम 31 जानेवारी 2027 पर्यंत वाढवून मिळावा. या काळात मी दरमहा 2,500 रुपये व्याजापोटी भरीन.
>
> वाढीव काळातील व्याज कोणत्या रकमेवर व कोणत्या पद्धतीने आकारले जाईल, तसेच परतफेडीची अंतिम तारीख बदलेल की नाही, हे मंजुरीसोबत लेखी कळवावे, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> कर्जदार व सहकर्जदार यांच्या सह्या

यातल्या दोन ओळींबद्दल थोडं सविस्तर सांगतो. पहिली, 2,500 रुपये भरण्याची. ही सक्ती नाही, पण जमत असेल तर जरूर लिहा. सहा महिन्यांत 15,000 भरले गेले तर कर्ज 8,40,000 ऐवजी 8,25,000 वर थांबतं आणि हप्ता सुमारे 8,870 राहतो. पूर्ण 5,000 भरता आले तर कर्ज वाढतच नाही. त्याहून मोठा फायदा फाइलला होतो, कारण थोडे का होईना पैसे येत असलेलं खातं आणि पूर्ण गप्प झालेलं खातं यांच्याकडे बघण्याची बँकेची नजर वेगळी असते. मात्र जेवढं नक्की जमेल तेवढाच आकडा लिहा. लिहून न पाळलेला शब्द न लिहिण्यापेक्षा वाईट.

दुसरी ओळ परतफेडीच्या अंतिम तारखेची. काही वेळा बँक सहा महिने पुढे ढकलते, पण शेवटची तारीख तीच ठेवते. मग 8,40,000 रुपये 180 ऐवजी 174 महिन्यांत फेडायचे होतात आणि हप्ता 9,160 च्या घरात जातो. यात चुकीचं काही नाही, फक्त ते आधी कळलं पाहिजे.

अर्जावर वडिलांची सही का, असं मुलं विचारतात. कर्ज दोघांचं आहे, अट बदलायची तर दोघांची संमती लागते. मंजुरीनंतर बँक पूरक करारावर दोघांच्या सह्या घेईल, आणि बाकी रक्कम मान्य असल्याच्या पत्रावरही घेईल. त्या पत्राला घाबरण्याचं कारण नाही, पण अर्थ समजून सही करा. कर्जवसुलीचा दावा लावायला कायद्याने तीन वर्षांची मुदत असते आणि लेखी कबुली दिली की ती त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. म्हणून बँक हा कागद घेतेच. सही करण्याआधी त्यातला आकडा खातेउताऱ्याशी जुळतो का, एवढं पाहा.

सरकारी व्याज अनुदान मिळत असेल तर हिशोब थोडा बदलतो. केंद्र सरकारच्या जुन्या व्याज अनुदान योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असलेल्या विद्यार्थ्यांचं शिक्षणाच्या काळातलं आणि त्यापुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. आपल्या उदाहरणात वाहक वडिलांचं उत्पन्न या मर्यादेच्या जरा वर गेलं आणि ते हुकलं, असं धरलं आहे. ज्यांना ते मिळालं त्यांच्या डोक्यावर मोरॅटोरियम संपताना साधारण मुद्दलच असतं. पण अनुदान त्या एका वर्षाबरोबर संपतं. वाढवून घेतलेल्या सहा महिन्यांचं व्याज पूर्णपणे तुमचं. आजवर व्याजाची झळ लागलेलीच नसते, त्यामुळे हे घराघरांत अनपेक्षित ठरतं.

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच घ्या. हे मी इतक्या आग्रहाने सांगतोय, कारण या प्रकरणात सगळ्यात जास्त नुकसान तोंडी बोलण्याने होतं. एका शाखेतला एक प्रसंग मला अजून टोचतो. व्यवस्थापकांनी एका मुलाला सांगितलं, 'काळजी करू नकोस, मी बघतो.' त्यांचा हेतू चांगलाच होता. महिनाभरात त्यांची बदली झाली, अर्ज कुठे नोंदलेलाच नव्हता, आणि तो मुलगा सवलत मिळाली असं समजून चार महिने निश्चिंत राहिला. नव्या व्यवस्थापकांसमोर आलं ते थकलेलं खातं.

खातं थकलं म्हणजे काय होतं, तेही समजून घ्या. हप्त्याची तारीख चुकली की दुसऱ्या दिवसापासून खातं निगराणीत जातं. थकबाकी 90 दिवसांच्या पुढे गेली की ते अनुत्पादित, म्हणजे सगळे ज्याला एनपीए म्हणतात ते होतं. आपल्या मुलीचा पहिला हप्ता 31 ऑगस्ट 2026 ला देय असेल आणि ती काहीच भरू शकली नाही, तर नोव्हेंबर संपता संपता ही वेळ येते. एकदा एनपीए झाल्यावर एखादा हप्ता भरून खातं पूर्वपदावर येत नाही. सगळी थकबाकी भरावी लागते, असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या टप्प्यावर मागितलेली सवलत ही मोरॅटोरियमची साधी वाढ राहत नाही, ती अडचणीतल्या कर्जाची पुनर्रचना होते. तिचे नियम कडक आहेत आणि पतअहवालात तिची खूण राहते. हा अहवाल मुलीचा जसा असतो तसा सहकर्जदार वडिलांचाही असतो. उद्या घराच्या दुरुस्तीसाठी वडिलांनी कर्ज मागितलं तर तिथे हे निघतं.

समजा, मंजुरी आली. पत्र हातात घेऊन घरी जायच्या आधी दोन गोष्टी शाखेतच पाहून घ्या. परतफेडीचं नवं वेळापत्रक छापून मागा आणि त्यात पहिल्या हप्त्याची तारीख फेब्रुवारी 2027 ची आहे का ते बघा. कागदावर मंजुरी आणि संगणकात जुनीच तारीख, असं होतं, आणि शेवटी हप्ता मागतो तो संगणक. बचत खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी दिली असेल तर तिचीही तारीख पुढे गेली का विचारा. नाहीतर ऑगस्टमध्ये पैसे नसल्याने व्यवहार परत जाईल आणि त्याचा दंड वेगळा बसेल. ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात कर्जखात्याचा उतारा काढा. त्यात हप्त्याची मागणी किंवा थकबाकी दिसली, तर मंजुरीपत्राची प्रत घेऊन त्याच दिवशी शाखेत जा.

आणि नकार आला तर? कारण लेखी मागा. पुष्कळदा नकार हा अपुऱ्या कागदांमुळे असतो आणि कागद पुरवले की प्रकरण पुन्हा जातं. बँकेने सवलत द्यायचीच नाही असं ठरवलं असेल तर मागणी बदला. मूळ मुदत 10 वर्षांची असेल तर ती 15 करून मागता येते. 8,10,000 वर 10 वर्षांचा हप्ता 10,700 च्या आसपास येतो, तोच 15 वर्षांना 8,700 होतो. सुरुवातीची काही वर्षं लहान आणि पुढे पगाराबरोबर वाढत जाणारे हप्ते, अशी सोयही आदर्श योजनेत सुचवलेली आहे. माझं मत विचाराल, तर ज्यांना सहा महिन्यांत पगार फारसा वाढेल अशी चिन्हं दिसत नाहीत, त्यांनी मुदतवाढीपेक्षा या लहान हप्त्यांचाच आग्रह आधी धरावा. सहा महिने निघून जातात आणि तोच डोंगर थोडा उंच होऊन पुन्हा समोर येतो.

बँक काहीच उत्तर देत नसेल तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनामूल्य तक्रार करता येते. इथे मागणी काय करायची ते नेमकं कळलं पाहिजे. सवलत द्यायची की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो आणि लोकपाल त्यात हात घालत नाही. 'मला मुदतवाढ मिळवून द्या' अशी तक्रार म्हणूनच फेटाळली जाते. 'अमुक तारखेच्या अर्जावर बँकेने निर्णय कळवला नाही', किंवा 'मंजूर झालेली मुदतवाढ खात्यात लावली नाही' ही सेवेतली त्रुटी आहे, तिची दखल घेतली जाते. ही तक्रार उभी राहते ती त्या पोच घेतलेल्या प्रतीच्या जोरावर.

वसुलीचे फोन सुरू झाले असतील तर एवढं लक्षात ठेवा की सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला वसुली प्रतिनिधींना मनाई आहे. नातेवाइकांना फोन करून लाज काढणं, धमकावणं हेही चालत नाही. फोन घ्या, अर्जाची तारीख सांगा आणि अर्जाची प्रत मेलवर पाठवून द्या. फोन न उचलणाऱ्या कर्जदाराच्या नावापुढे 'संपर्क होत नाही' असा शेरा पडतो, आणि पुढे अर्ज विचारात घेणारा अधिकारी तो शेरा वाचतो.